तांबे आणि पोलादाच्या जोडदांड्यात सांध्याचे तापमान कसे काढायचे

एक दांडा डोळ्यांसमोर आणा. त्याचा अर्धाअधिक भाग तांब्याचा आहे, उरलेला साध्या पोलादाचा, आणि दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून घट्ट जोडलेले आहेत. तांब्याचे मोकळे टोक उकळत्या पाण्याच्या वाफेत आहे आणि पोलादाचे मोकळे टोक वितळत्या बर्फात. दोन धातू जिथे भेटतात तिथे तापमान किती असेल?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की पहिले उत्तर हमखास येते: ५० अंश. थोडा विचार केलेला एखादा विद्यार्थी म्हणतो, ‘सर, तांबे सुवाहक आहे, म्हणजे त्यातून जास्त उष्णता जाते आणि पोलादातून कमी.’ पहिले उत्तर चुकीचे आहेच, पण दुसरे जास्त घातक आहे, कारण ते ऐकायला बरोबर वाटते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दोन्ही तुकड्यांतून उष्णता सारखीच जाते

दांड्याला बाजूने कापूस किंवा ग्लासवूल गुंडाळले आहे, त्यामुळे कडेने उष्णता निसटत नाही असे धरू. वाफ सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे सगळेच बदलत असते. तांबे तापत जाते, मग पोलाद तापते, आणि आत येणाऱ्या उष्णतेतला काही भाग धातू तापवण्यातच खर्च होतो. मात्र थोड्या वेळाने दांड्यावरच्या प्रत्येक ठिकाणचे तापमान स्थिर होते. हीच स्थायी अवस्था. आता धातू आणखी तापत नाही, म्हणजे उष्णता कुठे साठत नाही. कडेने ती बाहेर जात नाही. मग वाफेकडून दर सेकंदाला जितकी उष्णता तांब्यात शिरते, तितकीच सांध्यातून पोलादात जायला हवी आणि तितकीच बर्फापर्यंत पोचायला हवी. दुसरा मार्गच नाही.

पाटबंधाऱ्याच्या कालव्यासारखे हे आहे. कालव्याचा एक भाग रुंद आणि गुळगुळीत, पुढचा अरुंद आणि खडकाळ असला, तरी मध्ये पाणी साठत नसेल तर दोन्ही भागांतून तेवढेच पाणी वाहते. फरक पडतो तो उताराचा: रुंद भागाला थोडा उतार पुरतो, खडकाळ भागाला जास्त लागतो. आपल्या पुस्तकांत ‘तापमान उतार’ हा शब्द आहे तो अगदी योग्य आहे. तांबे जास्त उष्णता नेत नाही. तेवढीच उष्णता न्यायला त्याला कमी उतार पुरतो.

औष्णिक रोध काढा

एका तुकड्यातून दर सेकंदाला जाणारी उष्णता H अशी मिळते:

H = k A (T₁ − T₂) / L

यात k ही त्या पदार्थाची औष्णिक वाहकता, A काटछेदाचे क्षेत्रफळ आणि L लांबी. फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतावहनावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातला हा नियम. तो थोडा वेगळा मांडला की काम सोपे होते:

H = (T₁ − T₂) / R, जिथे R = L / (k A)

R म्हणजे औष्णिक रोध. दिसायला हे थेट ओहमच्या नियमासारखे आहे, म्हणून आम्ही शिक्षक नेहमी सांगतो की ‘विजेसारखेच समजा’. गंमत अशी की इतिहास उलटा आहे. ओहम यांनी १८२७ मध्ये विद्युतप्रवाहाची मांडणी केली ती फूरिए यांच्या उष्णतेच्या कामावरून सुचून. आपण उसने घेतलेले परत करतो आहोत इतकेच.

आता आकडे घेऊ. दोन्ही तुकड्यांचा काटछेद ४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण सव्वादोन सेंटिमीटर. तांब्याचा तुकडा २० सेंटिमीटर लांब, पोलादाचा १० सेंटिमीटर. तांब्यासाठी k = ३८५ आणि साध्या पोलादासाठी k = ५० धरू; एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन.

एककांपाशी जरा थांबा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. k मीटरमध्ये आहे, तेव्हा लांबी आणि क्षेत्रफळही मीटरमध्येच हवे. ४ चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.०४ चौरस मीटर नव्हे, ०.०००४ चौरस मीटर. सेंटिमीटरचा मीटर करताना १०० ने भागतो, पण चौरसाला १०,००० ने भागावे लागते. तापमानाचे मात्र काही करू नका. सूत्रात फक्त फरक येतो, आणि सेल्सिअसमधला फरक व केल्विनमधला फरक एकच असतो.

तांब्याचा रोध: R₁ = ०.२० / (३८५ × ०.०००४) = १.३०

पोलादाचा रोध: R₂ = ०.१० / (५० × ०.०००४) = ५.००

याचे एकक केल्विन प्रति वॅट. म्हणजे पोलादाच्या तुकड्यातून १ वॅट उष्णता ढकलायची तर त्याच्या दोन टोकांत ५ अंशांचा फरक लागतो. पोलादाचा तुकडा तांब्याच्या निम्म्या लांबीचा असूनही त्याचा रोध जवळजवळ चौपट आहे. सांधा कोणत्या टोकाकडे झुकणार हे इथेच कळायला लागते.

सांध्यापर्यंत पोचा

तुकडे एकामागून एक आहेत, म्हणून रोधांची बेरीज होते: १.३० + ५.०० = ६.३०. टोकांमधला फरक १०० अंश.

H = १०० / ६.३० = १५.८७, म्हणजे सुमारे १५.९ वॅट

आता गरम टोकापासून चालत या. तांब्यात तापमान किती उतरले? १५.८७ × १.३० = २०.६ अंश. म्हणून सांध्याचे तापमान १०० − २०.६ = ७९.४ अंश.

इथे थांबायचे नाही. तेच उत्तर थंड बाजूने काढून पाहा: ० + १५.९ × ५.०० = ७९.५. दशांशातला फरक आकडे पूर्ण केल्यामुळे आला, बाकी जुळले. परीक्षेत ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते आणि उलटेपालटे लिहिलेली संख्या लगेच पकडली जाते. दोन बाजूंनी दोन वेगळी तापमाने आली तर समजा की कुठेतरी H किंवा R चुकला आहे.

आणखी एक तपासणी मला जास्त आवडते. तांब्यात २० सेंटिमीटरमध्ये २०.६ अंश उतरले, म्हणजे दर सेंटिमीटरला १.०३ अंश. पोलादात १० सेंटिमीटरमध्ये ७९.४, म्हणजे दर सेंटिमीटरला ७.९४. या दोन उतारांचे गुणोत्तर ७.७ येते, आणि ३८५ भागिले ५० हेही ७.७ च. काटछेद सारखा असेल तर उतार वाहकतेच्या व्यस्त प्रमाणात असायलाच हवा. आलेख काढला तर सांध्यापर्यंत जवळजवळ सपाट जाणारी रेघ सांध्यावर मोडते आणि पुढे कड्यासारखी खाली येते.

आता दांडा उलटा करा: पोलाद वाफेत, तांबे बर्फात. एकूण रोध तोच, म्हणून उष्णता तीच, १५.९ वॅट. बर्फ तितक्याच वेगाने वितळेल. पण सांध्याचे तापमान १०० − ७९.४, म्हणजे २०.६ अंश होईल. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसणार नाही आणि सांध्याला हात लावणाऱ्याला मात्र पूर्वीचा चटका जाऊन गारवा लागेल.

एका ओळीचे सूत्र, आणि ते कसे लक्षात ठेवायचे

H न काढता थेट सांध्याचे तापमान हवे असेल तर दोन्ही बाजूंची उष्णता सारखी मांडून असे मिळते:

T = (G₁T₁ + G₂T₂) / (G₁ + G₂), जिथे G = k A / L

G म्हणजे रोधाचा व्यस्तांक, त्या तुकड्याची नेण्याची ताकद. आपल्या दांड्यात तांब्यासाठी G₁ = ०.७७ आणि पोलादासाठी G₂ = ०.२०. म्हणून T = (०.७७ × १०० + ०.२० × ०) / ०.९७ = ७९.४. ही सरासरीच आहे, पण वजन दिलेली. ज्या टोकाशी सांध्याचे नाते जास्त घट्ट, त्या टोकाकडे तो झुकतो. हे लक्षात राहिले तर सूत्र विसरले तरी चालते, आणि उत्तर अंदाजाने आधीच सांगता येते.

काटछेद वेगवेगळे असले तरी हेच सूत्र चालते, फक्त प्रत्येक तुकड्याचा A त्याच्या त्याच्या G मध्ये घालायचा. वाहकतेची साधी सरासरी काढून पूर्ण दांड्याला एकच k लावण्याचा मोह मात्र टाळा. (३८५ + ५०) / २ = २१७.५ घेतले तर H येतो २९ वॅट, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्या तुकड्याचा रोध जास्त, तोच एकूण हिशोब ठरवतो. सरासरी त्याला झाकून टाकते.

‘पोलाद’ म्हणजे कोणते?

हा प्रश्न कागदावर कुणी विचारत नाही, पण वर्कशॉपमधून दांडा करून आणायचा तर विचारावाच लागतो. साध्या पोलादाची वाहकता ५० च्या आसपास असते, पण भांड्यांच्या स्टेनलेस स्टीलची, म्हणजे ३०४ प्रतीची, फक्त १५ च्या आसपास. लेथवाल्याकडे पडलेला चकचकीत तुकडा उचलून वापरला तर R₂ पाचवरून १६.७ होतो, सांधा ७९ ऐवजी जवळपास ९३ अंशांवर बसतो आणि उष्णता साडेपाच वॅटवर येते. चुंबक लावून पाहा. साध्या पोलादाला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जेमतेम किंवा अजिबात नाही.

प्रत्यक्ष करून पाहताना: सांध्याला दोन तापमाने असतात

कागदावरचा सांधा परिपूर्ण असतो. खरा सांधा म्हणजे लेथवर कापलेले दोन पृष्ठभाग. डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात आणि मधल्या खाचांत हवा असते. हवेची वाहकता ०.०२६ च्या आसपास, म्हणजे पोलादाच्याही जवळजवळ दोन हजारावा भाग. सांध्यात ०.१ मिलिमीटर, साधारण एका कागदाच्या जाडीइतका, हवेचा पूर्ण थर राहिला तर त्याचा रोध:

०.०००१ / (०.०२६ × ०.०००४) = ९.६

अख्ख्या तीस सेंटिमीटर दांड्याचा रोध ६.३ आणि कागदाएवढ्या हवेचा ९.६! प्रयोग ‘चुकतो’ तो बहुतेक वेळा इथे.

अशा वेळी ‘सांध्याचे तापमान’ असा एकच आकडा उरत नाही. तांब्याच्या कडेला एक तापमान असते, पोलादाच्या कडेला दुसरे, आणि मध्ये उडी. ती मोजायची रीत सोपी आहे. सांध्यावर थर्मामीटर ठेवू नका, कारण तो नेमका कोणत्या कडेचे तापमान सांगतो हे कळत नाही. प्रत्येक तुकड्यात दोन-दोन बारीक भोके पाडा, त्यांत थर्मोकपल बसवा, आणि दोन वाचनांवरून काढलेली सरळ रेघ सांध्यापर्यंत वाढवा.

समजा तुम्ही हे पुण्यात करता आहात. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून गरम टोक ९८ धरायचे (महाबळेश्वरला केलात तर ९५-९६ च). तांब्यात गरम टोकापासून ५ आणि १५ सेंटिमीटरवर ९३.९ आणि ८५.८ अंश मिळाले. पोलादात सांध्यापासून २.५ आणि ७.५ सेंटिमीटरवर ४७.१ आणि १५.७ मिळाले.

तांब्यात उतार दर सेंटिमीटरला ०.८१ अंश. दुसऱ्या भोकापासून सांधा ५ सेंटिमीटर पुढे, म्हणून तांब्याची कड ८५.८ − ४.०५, म्हणजे सुमारे ८१.८ अंशांवर. पोलादात उतार दर सेंटिमीटरला ६.२८. पहिल्या भोकापासून सांधा २.५ सेंटिमीटर मागे, म्हणून पोलादाची कड ४७.१ + १५.७, म्हणजे ६२.८ अंशांवर. सांध्यात १९ अंशांची उडी आहे.

आता ही उडी कशामुळे आली ते पाहू. पोलादातून जाणारी उष्णता ५० × ०.०००४ × ६२८ = १२.६ वॅट. (उतार दर मीटरला घ्यायचा, म्हणून ६२८.) सांध्याचा रोध १९ / १२.६, म्हणजे सुमारे १.५. इतका रोध द्यायला हवेचा थर किती जाड लागेल? १.५ × ०.०२६ × ०.०००४ केले की ०.००००१६ मीटर, म्हणजे ०.०१६ मिलिमीटर. डोक्याच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक. ही फट डोळ्यांना दिसणार नाही, पण तांब्याच्या पूर्ण तुकड्यापेक्षा तिचा रोध जास्त आहे.

उपाय दोन. पहिला, दोन्ही कडा बारीक पॉलिशपेपरवर सपाट घासून घ्यायच्या आणि तुकडे स्क्रूने एकमेकांवर दाबून धरायचे. दुसरा, मध्ये संगणक दुरुस्तीवाल्याकडे सिरिंजमध्ये मिळते ती थर्मल पेस्ट अगदी पातळ लावायची. पेस्टची वाहकता १ धरली तरी ०.१ मिलिमीटर थराचा रोध ०.२५ येतो, हवेच्या अडतिसाव्या भागाइतका. उडी तीन-चार अंशांवर येते. शक्य असेल तर डाक देऊन सांधा भरून घ्यावा. मग ती जवळजवळ नाहीशीच होते. जास्त पेस्ट लावली की जास्त चांगले, असा समज असतो. पेस्ट धातूपेक्षा फारच वाईट वाहक आहे, तिचे काम फक्त हवा हाकलणे.

कडेने किती निसटते

वरच्या वाचनांत मी एक गोष्ट मुद्दाम जुळवून ठेवली होती. तांब्याच्या उतारावरून उष्णता काढली तरी ३८५ × ०.०००४ × ८१ = १२.५ वॅटच येते, पोलादातल्या १२.६ इतकीच. दोन्ही तुकड्यांतली उष्णता जुळली, म्हणजे कडेने काही गेले नाही. खऱ्या प्रयोगात इतके छान जुळत नाही.

उघड्या दांड्याचा हिशोब करून पाहा. तांब्याच्या तुकड्याचा बाजूचा पृष्ठभाग सुमारे ०.०१४ चौरस मीटर. तो सरासरी ९० अंशांवर आणि खोली ३० अंशांवर असेल तर फरक ६०. उघड्या, स्थिर हवेत दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण १० वॅट जातात असे धरले तर ८.४ वॅट. म्हणजे जी उष्णता आपण मोजायला निघालो तिच्या निम्म्याहून अधिक खोली तापवण्यात जाते. अडीच सेंटिमीटर ग्लासवूल गुंडाळले तर हे दोन-अडीच वॅटवर येते, पण शून्य होत नाही.

हे ओळखायची खूण आलेखात असते. कडेने उष्णता गळत असेल तर तांब्यातली रेघ सरळ न राहता खाली झोळ पडल्यासारखी वाकते: गरम टोकाजवळ जास्त उतार, सांध्याकडे कमी. दोन भोकांनी हे दिसणार नाही, कारण दोन बिंदूंतून सरळ रेघ जातेच. म्हणून तांब्यात तिसरे भोक हवे. पोलादातला खोलीपेक्षा थंड भाग उलट खोलीतून उष्णता ओढून घेतो, हेही लक्षात असू द्या.

गुंडाळण्याव्यतिरिक्त एक उपाय भूमितीचा आहे. उष्णता दांड्यातून जाते ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि कडेने निसटते ती व्यासाच्या प्रमाणात. म्हणून जाड आणि आखूड दांडा बारीक लांब दांड्यापेक्षा नेहमी प्रामाणिक निघतो.

वाचने घ्यायची घाई करू नका. या मापाच्या दांड्याला स्थिर व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास सहज लागतो. दर पाच मिनिटांनी सगळे आकडे लिहा आणि लागोपाठ दोन ओळी सारख्या आल्या की मगच हिशोबाला लागा. थंड टोकाला बर्फाचा चुरा पाण्यासकट असू द्या. नुसते मोठे खडे टाकले तर टोक त्यांना एखाद्याच ठिकाणी टेकते आणि तिथे आणखी एक हवेचा सांधा तयार होतो. शेवटी H तपासायला वितळलेले पाणी पेल्यात गोळा करून तोला. १२.६ वॅटला मिनिटाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळायला हवा. त्याआधी दांडा न लावता, तेवढाच बर्फ त्याच भांड्यात ठेवून खोलीच्या उष्णतेने मिनिटाला किती वितळतो ते मोजून ठेवा आणि वजा करा.